पाटी रंगवण्याआधी फोटोवर बघून घेऊ या

आमच्या गटाच्या मसाल्याच्या दुकानाला नवी पाटी आणि नवा रंग द्यायचं ठरलं, तेव्हा प्रत्येकीच्या डोळ्यासमोर वेगळंच दुकान होतं. रंगवलेली पाटी काही कुणी परत घेत नाही. म्हणून आम्ही सगळं आधी मोबाइलमध्ये, दुकानाच्या खऱ्या फोटोवर करून पाहिलं.

फोटो रस्त्यापलीकडून, अगदी समोर उभं राहून काढावा. जवळून मोबाइल वर करून काढला, तर शटर वरच्या बाजूला निमुळतं दिसतं आणि मग मापं जुळत नाहीत. कडक ऊनही नको, कारण निम्म्या भिंतीवर सावली पडते.

माप शटरवरून घ्यायचं. आमचं शटर टेपने मोजलं, ते आठ फूट भरलं. फोटो असा छापून घेतला की शटर आठ सेंटिमीटरचं यावं. म्हणजे एक सेंटिमीटरला एक फूट. दहा फूट रुंद, दोन फूट उंच पाटीसाठी दहा बाय दोन सेंटिमीटरचा कागद कापून शटरवर ठेवला, तेव्हा ती शेजारच्या दुकानाच्या भिंतीवर जातेय हे लगेच दिसलं. पाटी नऊ फुटांची केली.

भिंतीचा रंग बदलायला थर लावता येणारं फोटोचं ॲप लागतं. रंगाचा थर नुसता टाकला तर भिंत पुठ्ठ्यासारखी सपाट दिसते. थराला Multiply केलं की भिंतीच्या सावल्या, खरबरीतपणा रंगातून दिसत राहतो. मात्र आमची जुनी भिंत पिवळी होती, आणि पिवळ्यावर निळा टाकला की हिरवटच होणार! म्हणून आधी भिंतीपुरतं Saturation शून्यावर आणलं.

मग खरी परीक्षा अक्षरांची. लाल पाटीवर हिरवी अक्षरं काहीजणींना फार आवडली होती. आम्ही सगळा फोटो काळा-पांढरा केला, तर पाटी आणि अक्षरं दोन्ही एकाच करड्या रंगाची, नाव गायब. तिथे साईच्या रंगाची अक्षरं टाकली, ती उठून दिसली. साधारण दहा फूट अंतराला एक इंच उंची धरतात. आमचा एसटी थांबा साठ फुटांवर, म्हणून अक्षर सहा इंची. मात्रा, वेलांट्या आणि उकारांना वर-खाली जागा वेगळी सोडावी लागते. आणि आपल्या राज्यात पाटीवर मराठी देवनागरीत हवंच, इतर लिपीतली अक्षरं त्याहून मोठी चालत नाहीत.

मोबाइलमधला रंग मात्र डब्यातल्या रंगाशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून निवडलेल्या रंगाचा दोन फुटी चौकोन भिंतीवर लावून घेतला. तो वाळल्यावर सकाळी पाहिला आणि रात्री ट्यूबच्या उजेडातही. मगच मापं लिहिलेला फोटो पेंटरच्या हातात दिला.