पाणी सुटले, पण पिवळे! दोष जलवाहिनीचा की सोसायटीच्या टाकीचा?

पुणे, प्रतिनिधी -
'देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी येत्या गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहणार असून, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल.' पुणेकरांना हे निवेदन तोंडपाठ झाले आहे. मात्र शुक्रवारी नळाला येणारे पहिले पाणी कोणत्या रंगाचे असेल, याचा उल्लेख त्यात नसतो. तोटी उघडताच आधी हवेचा फुत्कार येतो, मग तांबूस-पिवळ्या पाण्याची धार लागते आणि बादलीच्या तळाशी विटकरी रंगाची भुकटी साचते. 'धरणाचेच पाणी गढूळ आले' असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. वास्तविक जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी बहुतेक वेळा स्वच्छ असते. त्याला रंग चढतो तो वाटेत. वाटेत नेमका कोठे, हे घरबसल्या बऱ्याच अंशी ओळखता येते. आणि ते ओळखणे आवश्यकही आहे. कारण पिवळे पाणी गंजाचे असेल तर प्रश्न कपड्यांच्या डागांचा असतो, सांडपाणी मिसळलेले असेल तर प्रश्न आरोग्याचा.

बंद काळात नळीत काय घडते?

जुन्या शहरांतील अनेक जलवाहिन्या बिडाच्या आहेत आणि जुन्या इमारतींतील नळ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या, म्हणजे जी.आय.च्या. मुलामा झिजला की आतील लोखंड गंजू लागते. हा गंज सारख्या थराने न चढता त्याच्या गाठी तयार होतात. गाठीचे कवच कठीण असते, पोटात मात्र काळसर, मऊ लगदा असतो. पाणी रोज ठरलेल्या दिशेने व वेगाने वाहत असेल, तर या गाठी फारशा हलत नाहीत.

पुरवठा थांबला की चित्र पालटते. नळीत साचून राहिलेल्या पाण्यातील प्राणवायू गंजण्याच्या क्रियेत संपत जातो. प्राणवायू संपल्यावर गाठीतील लोह विरघळणाऱ्या स्वरूपात पाण्यात उतरू लागते. हे विरघळलेले लोह डोळ्यांना दिसत नाही. पाणी बादलीत पडून त्याला हवा लागली, की त्याचे पुन्हा तांबूस गंजात रूपांतर होते. म्हणूनच काही घरांत नळातून पडताना स्वच्छ दिसणारे पाणी तासाभरात बादलीतच पिवळे पडते.

जेथे नळी पूर्ण रिकामी होते, तेथे ओलसर गंजाला थेट हवा मिळते. त्याचे पापुद्रे सुटतात. पुरवठा सुरू झाल्यावर पाणी रिकाम्या नळीत वेगाने घुसते. त्याच वेळी परिसरातील सर्व नळ उघडे असल्याने प्रवाह नेहमीपेक्षा जोरात असतो, काही ठिकाणी त्याची दिशाही बदलते. परिणामी तळाशी बसलेला गाळ व सुटलेले पापुद्रे एकदम खरवडले जातात. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, तर हा मारा अधिकच तीव्र होतो. तो हळूहळू उघडणे आणि जलवाहिनीच्या सखल टोकाचे पाणी आधी वॉशआउटमधून सोडून देणे, हे त्यावरचे साधे उपाय आहेत.

बादल्या मोजा, जागा सापडेल

गढूळ पाणी किती वेळ येते, यावरून ते किती लांबून येते याचा अंदाज बांधता येतो. उदाहरणार्थ, एखादी चार मजली इमारत घेऊ. रस्त्यावरील शंभर मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीतून तिला पंचवीस मिलिमीटरची, तीस मीटर लांबीची जोडवाहिनी आली आहे. या जोडवाहिनीत मीटरला अर्धा लिटर, म्हणजे एकूण पंधरा लिटर पाणी मावते. तळमजल्यावरील थेट महापालिकेच्या नळाला पहिली एक-दोन बादल्या पाणी तांबडे येऊन नंतर स्वच्छ झाले, तर गंज इमारतीच्याच जोडवाहिनीत आहे. तिची देखभाल बहुतेक शहरांत ग्राहकाची जबाबदारी असते, त्यामुळे महापालिकेकडे तक्रार करून फारसा उपयोग होत नाही.

समजा, मिनिटाला दहा लिटर या गतीने वीस मिनिटे तांबडे पाणी आले. म्हणजे दोनशे लिटर वाहून गेले. शंभर मिलिमीटरच्या वाहिनीत मीटरला सुमारे आठ लिटर पाणी असते. तेव्हा हा गंज जोडवाहिनीपलीकडचा, रस्त्यावरील वाहिनीतला आहे. शेजारच्या इमारतीही त्याच वेळी पाणी ओढत असल्याने अंतराचा हा हिशेब ढोबळच राहील. पण गंज कुंपणाच्या आतला की बाहेरचा, एवढे त्यावरून कळते. तासाहून अधिक काळ आणि संपूर्ण गल्लीत असेच पाणी येत असेल, तर मोठ्या वाहिनीतील गाळ उसळला आहे असे समजावे.

आता दुसरा प्रसंग. थेट नळाचे पाणी अर्ध्या तासात स्वच्छ झाले, पण वरच्या मजल्यांवर शनिवारी, रविवारीही पिवळेच येते. सदनिकेतील अर्ध्या इंची नळीत मीटरला जेमतेम पाव लिटर पाणी असते. दहा मीटर नळी धरली तरी दोन-अडीच लिटर. गच्चीवरून उतरणाऱ्या नळीचे पाणी जमेला धरले तरी दोन-तीन बादल्यांनंतर रंग जायला हवा. तो जात नसेल, तर दोष टाकीत आहे. शुक्रवारचे पहिले गढूळ पाणी जमिनीखालच्या टाकीत उतरले, तेथे त्याचा गाळ बसला आणि पाण्याची पातळी खाली गेली की पंप तोच गाळ उचलून गच्चीवर पाठवतो. पंपाचा फूटव्हॉल्व्ह टाकीच्या तळाला टेकलेला असेल, तर हे हमखास घडते.

यावरील उपाय खर्चाचा नाही. पुरवठा बंद राहिल्यानंतर पाणी आले, की रखवालदाराने आधी खालच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून थेट नळ सोडावा. ते पाणी बागेला, जिने धुण्याला किंवा शौचालयासाठी भरून घ्यावे. पाणी नितळ दिसल्यावरच टाकीचा व्हॉल्व्ह उघडावा. कमी दाबाच्या दिवशी टाकी भरणार नाही या भीतीने नेमके उलट केले जाते आणि पंधरा मिनिटांच्या पाण्यासाठी आठवडाभराचा गाळ पदरात पडतो.

गंज की सांडपाणी?

रंगापेक्षा अधिक गांभीर्याने पाहावी अशी बाब दाबाची आहे. नळी भरलेली आणि दाबाखाली असते तोवर फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपते. नळी रिकामी होताना आत पोकळी निर्माण होते आणि त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शेजारून मलवाहिनी जात असेल, तर काय आत येईल ते सांगायला नको. थेट वाहिनीला मोटर लावून पाणी खेचणारेही हाच धोका वाढवतात. एमिली कुम्पेल व कारा नेल्सन या संशोधकांनी कर्नाटकातील हुबळी-धारवाडच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खंडित पुरवठ्यात पाणी सुटल्यानंतरचा पहिला लोंढा आणि कमी दाबाचा काळ, या दोन्ही वेळी दूषितपणाची शक्यता अधिक असल्याचे त्यात दिसून आले.

घरी पारख करायची, तर पारदर्शक बाटलीत पाणी भरून पांढऱ्या कागदासमोर धरावे आणि काही तास न हलवता ठेवावे. तळाशी तांबूस भुकटी बसून वरचे पाणी नितळ झाले, तर तो गंज. पाणी मातकट राहिले आणि तासन्तास निवळले नाही, तर वाहिनी कोठेतरी फुटून माती शिरत असण्याची शक्यता आहे. करडी छटा, फेस किंवा नाकाला जाणवणारी दुर्गंधी असेल, तर सांडपाण्याचाच संशय घ्यावा, ते पाणी कशालाही वापरू नये आणि त्याच दिवशी तक्रार करावी. मात्र या पारखेला मर्यादा आहे. गंजामागे जंतू लपलेले असू शकतात आणि नितळ पाणीही दूषित असू शकते. अंतिम निर्णय प्रयोगशाळेतील तपासणीचाच.

क्लोरीन तपासण्याच्या घरगुती संचाबाबतही सावध राहावे. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, की त्यात क्लोरीन आहे असे मानले जाते. पण गंजयुक्त पाण्यात लोहामुळेही पिवळी छटा येते आणि नसलेले क्लोरीन असल्याचा भास होतो. शिवाय लोह स्वतःच क्लोरीन खाऊन टाकते. म्हणून ही चाचणी पाणी नितळ झाल्यावरच करावी. पिण्याच्या पाण्यात नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते.

उकळून रंग जात नाही

पिवळे पाणी उकळल्याने जंतू मरतात, लोह जात नाही. उलट विरघळलेले लोहही गंज होऊन भांड्याच्या तळाशी बसते. अशा पाण्यातील लोह सहसा प्रकृतीला तातडीने अपाय करत नाही, तरी रंग असेपर्यंत ते पिऊ नये. पाणी निवळू द्यावे, वरचे गाळून घ्यावे आणि मगच उकळावे. शुद्धीकरण यंत्र व गीझर तेवढा वेळ बंद ठेवावेत, अन्यथा यंत्राची मेणबत्ती चोंदते आणि गीझरच्या तळाशी गाळ साठतो.

कपडे धुणे एक दिवस पुढे ढकलणे उत्तम. डाग पडलेच, तर ब्लीचिंग पावडर वापरू नये. त्यामुळे लोहाचा डाग फिका होण्याऐवजी पक्का होतो. लिंबाचा रस व मीठ लावून ठेवल्यास तो बराचसा निघतो.

तक्रार करताना 'पाणी घाण येते' एवढेच सांगितल्यास कर्मचारी येईपर्यंत पाणी स्वच्छ झालेले असते आणि नोंद निकाली निघते. त्याऐवजी पाणी किती वाजता सुटले, किती मिनिटे गढूळ होते, नळ थेट होता की टाकीचा, वास होता का आणि शेजारच्या इमारतीत काय स्थिती होती, या पाच गोष्टी लिहून द्याव्यात. पहिल्या पाण्याची झाकण लावलेली एक बाटलीही जपून ठेवावी. दर शुक्रवारी त्याच गल्लीतून तीच नोंद येऊ लागली, तर कोणती वाहिनी बदलायला हवी हे त्या नोंदींवरूनच दाखवून देता येते. आणि थेट नळाला पाणी स्वच्छ, पण घरात पिवळे असेल, तर अर्ज महापालिकेकडे न नेता सोसायटीच्या सचिवांकडे द्यावा!