339, 340 की 349

कपड्यांच्या दुकानाची दरयादी एक्सेलमध्ये तयार होते तेव्हा शेवटच्या रकान्यात 340.83, 22.05, 1187.46 असे आकडे उभे राहतात. हिशेब बरोबर असतो, पण त्या आकड्याचं लेबल कुणी कपड्यावर लावत नाही. लहान दुकानांच्या याद्या मी करून देते, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत नाजूक टप्पा इथेच सुरू होतो. मालक सहज म्हणतात, ‘‘मॅडम, सगळे भाव नऊवर आणा की.’’ पण नऊवर आणायचे म्हणजे खाली, वर की जवळच्या नऊवर, हे त्या एका वाक्यात ठरलेलं नसतं.

सांगलीतल्या एका दुकानातली सुती कुर्ती घेऊ. कराशिवायचा खरेदी भाव 212.40 रुपये. भाडं-हमालीचे नगामागे 4 रुपये धरले की 216.40. त्याच्या दीडपट 324.60 आणि त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 340.83. हा काढलेला भाव. जवळच्या नऊवर आणला तर 339, जवळच्या पाचवर आणला तर 340, आणि वरच्या नऊवर नेला तर 349. कर आणि खर्च बाजूला काढले की दुकानदाराच्या हाती 339 मध्ये 106 रुपये 46 पैसे उरतात, 340 मध्ये 107 रुपये 41 पैसे आणि 349 मध्ये 115 रुपये 98 पैसे. 339 आणि 340 मध्ये एका रुपयाचाही फरक पडत नाही, 349 मात्र जवळजवळ साडेनऊ रुपये जास्त देते. ‘नऊवर आणा’ या सूचनेचे दोन अर्थ एकमेकांपासून इतके दूर आहेत.

काढलेला भाव E2 मध्ये असेल तर ही तीन सूत्रं लागतात. पहिलं जवळच्या पाचसाठी, दुसरं जवळच्या नऊसाठी, तिसरं वरच्या नऊसाठी.

```
=MROUND(E2,5)
=MROUND(E2+1,10)-1
=CEILING(ROUND(E2,2)+1,10)-1
```

नऊची युक्ती सोपी आहे. एक रुपया मिळवायचा, दहाच्या पटीत आणायचं आणि तो रुपया परत काढून घ्यायचा. तिसऱ्या सूत्रातला ROUND मात्र कधीच गाळू नये. रकान्यात 349.00 दिसत असलं तरी आत गुणाकार-भागाकारातून आलेला एखादा सूक्ष्म अपूर्णांक असू शकतो, आणि वर नेणाऱ्या सूत्राला तेवढं निमित्त पुरतं. तो कपडा थेट 359 वर जातो. रकाना पूर्ण रुपये दाखवत असेल तर घोटाळा आणखी लपतो, कारण आतला 349.20 पडद्यावर 349 दिसतो. यादीत एखादा भाव शेजारच्या मालापेक्षा अकारण दहा रुपये पुढे दिसला, तर मी आधी दशांश उघडून बघते.

भाव एकदाच आणि सर्वांत शेवटी गोल करायचा, करासकट. कराच्या आधी 329 असा देखणा आकडा बसवला, तर 5 टक्के चढताच तो 345.45 होतो आणि पुन्हा गोल करावा लागतो. दोनदा गोल केलेल्या आकड्यात मूळचा नफा नेमका किती राहिला, हे नंतर शोधत बसावं लागतं. 349 ठरवून त्याला 1.05 ने भागलं, की बिलासाठी 332.38 मूळ किंमत आणि 16.62 कर सरळ मिळतात.

स्वस्त मालाला नऊचा नियम झेपत नाही. त्याच दुकानातला हातरुमाल 14 रुपयांचा. दीडपट 21, करासह 22.05. जवळचं नऊ म्हणजे 19. त्यातला कर वजा जाऊन 18.10 उरतात, म्हणजे सात रुपयांच्या नफ्यातले 2.90 गेले. कुर्तीत पावणेदोन-दोन रुपयांची घट कळतही नाही, रुमालात तीनेक रुपयांची घट नफा खाऊन टाकते. जवळचं पाच घेतलं तरी भाव 20 वर येतो आणि नफा पाच रुपयांच्या आसपास राहतो. म्हणून आम्ही तीन रुमालांची जुडी केली. काढलेला भाव 66.15, जवळचं नऊ 69, नफा 21 ऐवजी 23.71. शंभराच्या आतला माल सुटा विकायचा असेल तर मी पाचची पट घेते, तीही वरची. नऊ शंभराच्या पुढे.

नऊ कुठे खरंच उपयोगी पडतो, हेही बघायला हवं. मनोज थॉमस आणि विकी मॉरविट्झ यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की नऊचा भाव लहान वाटतो तो मुख्यतः डावीकडचा आकडा बदलतो तेव्हा. तसं बघितलं तर 299 आणि 300 यांत फरक वाटेल, 339 आणि 340 यांत फारसा नाही. माझ्या लेखी याचा अर्थ असा, की शंभराच्या उंबरठ्यावरचा माल नऊवर असावा, मधल्या भावांसाठी हट्ट नको. शिवाय सेलमध्ये नऊ त्रास देतो. 20 टक्के सूट दिली की पाचच्या पटीतला कुठलाही भाव पूर्ण रुपयात उतरतो, 340 चे 272. नऊच्या प्रत्येक भावाला मात्र 20 पैशांची शेपटी लागते, 349 चे 279.20. वर्षातून दोनदा सेल लावणाऱ्या दुकानाने हे आधीच धरावं. आणि जिथे रोखीचं गिऱ्हाईक जास्त, तिथे गल्ल्यात एक रुपयाची नाणी भरून ठेवायची तयारी हवी, नाहीतर 339 चे 340 घेतले जातात आणि गिऱ्हाईक नाराज होऊन जातं.

सूत्र खाली ओढून झालं की यादी काढलेल्या भावाच्या क्रमाने लावायची. 343.90 चे 339 होतात आणि 344.10 चे 349. मूळ फरक वीस पैशांचा, लेबलवर दहा रुपयांचा. एकाच दांडीवर टांगलेल्या दोन सारख्या कुर्त्यांमध्ये तो लगेच डोळ्यात भरतो. उलट 344.10 आणि 353 हे दोन्ही 349 वर येतात आणि चांगल्या कापडाचा माल साध्या मालाच्या भावात जातो. अशा जोड्या हातानेच सोडवाव्या लागतात.

महाग मालात एक वेगळी रेघ आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून नगाची कराशिवायची किंमत 2500 पर्यंत असलेल्या कपड्यांवर 5 टक्के कर आहे, त्यापुढे 18. म्हणजे 5 टक्क्यांत बसणारा सर्वांत मोठा भाव 2625. काढलेला भाव 2624.40 असेल तर नऊचं सूत्र त्याला 2629 वर नेतं, 5 टक्के धरून मूळ किंमत 2503.81 होते आणि कराचा दरच बदलतो. तिथे मी सूत्र पुसून 2619 लिहिते.

शेवटी एकच बेरीज. F मध्ये ठरलेला भाव आणि G मध्ये महिन्याला विकले जाणारे नग ठेवले की:

```
=SUMPRODUCT(F2:F200-E2:E200,G2:G200)
```

उत्तर शून्याच्या आसपास आलं, तर गोल करण्याने एकूण विक्री हललेली नाही. मोठं वजा आलं तर कारण बहुधा दोन-तीन जोरात खपणाऱ्या वस्तूंमध्ये सापडतं. दोनशे नग खपणारी ती कुर्ती 339 ला दिली की या बेरजेत 366 रुपये वजा दिसतात, आणि महिन्याला चार नग जाणाऱ्या साडीचा भाव वरच्या नऊवर नेला तरी ते भरून निघत नाहीत. मालकांनी कुर्ती 349 ला लावली, रुमालाची जुडी 69 ला ठेवली. E रकाना मात्र मी पुसू दिला नाही, कारण पुढच्या खरेदीला भाव बदलले की नवा हिशेब 349 वरून नाही, 340.83 वरून सुरू करायचा असतो.