बोधिसत्त्व नेमके काय तहकूब ठेवतो?

मोताळ्यापासून नागपुरापर्यंतच्या विहारांतून वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो, तेव्हा बोधिसत्त्वाच्या दहा अवस्था कानांवर पडतात. आणि ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांची समजूत अशी असते की, सर्व प्राणी मुक्त होईपर्यंत हा साधक निर्वाणाच्या उंबरठ्यावर अनंतकाळ खोळंबून राहतो. ही समजूत अर्धीच खरी आहे.

पाली 'बुद्धवंसा'तील सुमेध तापसाची कथा पाहावी. दीपंकर बुद्धांना चिखल तुडवावा लागू नये म्हणून तो वाटेत आडवा झाला. त्याने मनात आणले असते तर तेथेच क्लेशांचा क्षय करून त्याला अर्हत्पद गाठता आले असते. परंतु एकट्याने पार होण्यापेक्षा स्वतः सम्यक्संबुद्ध व्हावे आणि देवमनुष्यांना पार न्यावे, असा संकल्प त्याने केला, आणि परंपरेच्या गणनेप्रमाणे चार असंख्येय व एक लक्ष कल्पांची पारमितांची वाटचाल पत्करली. तहकूब झाले ते जवळचे, एकट्यापुरते निर्वाण, बुद्धत्व नव्हे. हाच सुमेध पुढे सिद्धार्थ गौतम झाला. बोधी कायमची लांबणीवर टाकणे हाच आदर्श असता, तर बोधगयेचा प्रसंग घडलाच नसता.

हा आदर्श केवळ महायानाचा, हा दुसरा गैरसमज या पाली कथेनेच दूर होतो. महायानाने वेगळे केले ते एवढेच, की जो मार्ग विरळा पुरुषच पत्करतो असे मानले जाई, तो सर्वांना खुला केला. त्याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. राजूर घाट चढून बुलढाण्यावरून अजिंठ्याला गेल्यास पाचव्या शतकातील दानलेख तेथे आढळतात, आणि त्यांतील कित्येकांत दाता, बहुधा एखादा शाक्यभिक्षू, आपल्या दानाचे पुण्य मातापित्यांसह सर्व सत्त्वांच्या अनुत्तर ज्ञानप्राप्तीसाठी अर्पण करतो. पद्मपाणीच्या चित्रापुढे सारे थांबतात. हे लहानसे दस्तऐवज मात्र, मला वाटते, त्याहूनही स्पष्ट बोलतात, कारण त्यांत सर्वांसाठी मागितले आहे ते थेट बुद्धाचे ज्ञान.

थांबण्याचा खरा प्रसंग 'दशभूमिक' सूत्रात आहे. आठव्या, अचला नामक भूमीवर चित्त इतके निश्चल होते की साधक त्या शांतीतच विलीन व्हावा. त्या वेळी बुद्ध त्याला पूर्वप्रतिज्ञेचे स्मरण देतात आणि पुढे जाण्यास सांगतात. म्हणजे तेथेही अपेक्षा केवळ खोळंबण्याची नसून बुद्धत्वाकडे पुढे जाण्याची आहे. प्रज्ञेवाचून नुसता आत्मत्याग म्हणजे बोधिसत्त्वचर्या नव्हे. म्हणूनच पारमितांत दानाबरोबर प्रज्ञाही आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील बारावी दहा पारमितांच्या पालनाची आहे. ती भिक्षूंसाठी राखून ठेवलेली नव्हती. शेतमजूर आणि गिरणीकामगार यांनीही तीच घेतली.