पुल-अप बार लावताय? आधी ड्रिलची भुकटी पाहा!

७५ किलोचा माणूस बारला लटकला, की भिंतीवर ७५ किलोच भार येतो, असं अनेकांना वाटतं. पण झटक्याने वर-खाली होताना हा भार दुप्पट, म्हणजे १५० किलो धरावा लागतो.

बार भिंतीपासून ६० सेंमी पुढे आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टमध्ये ३० सेंमी अंतर आहे, असं समजू. मग वरच्या बोल्टना बाहेर खेचणारा जोर ३०० किलो होतो. दोन ब्रॅकेट असतील, तर प्रत्येक वरच्या बोल्टवर १५० किलो.

भिंत हे पेलेल का?

प्लास्टरच्या आत गेल्यावर ड्रिलमधून काय पडतं ते पाहा. राखाडी भुकटी आणि ड्रिल सावकाश जात असेल, तर काँक्रीट. तिथे १० मिमीचा अँकर फास्टनर चालतो. लोखंडी सळई लागली, तर छिद्राची जागा बदला.

लाल भुकटी म्हणजे वीट. फास्टनर फुलला की वीट तडकू शकते, म्हणून छिद्रातली धूळ काढून केमिकल अँकर वापरा. भुकटी पांढुरकी आणि ड्रिल सहज आत जात असेल, तर हलका ब्लॉक. त्यावर किंवा ४ इंची भिंतीवर बार लावू नका. काँक्रीटचा बीम किंवा कॉलम शोधा.

बसवल्यावर पाय स्टुलावर ठेवून हळूहळू वजन टाका. प्लेट आणि भिंतीत फट दिसली किंवा बोल्टभोवती भुकटी पडली, तर वापर लगेच थांबवा.