४/८ म्हणजे एप्रिल की ऑगस्ट?

वनस्पतिसंग्रहालयातला तेरड्याचा एक जुना नमुना घ्या. चिठ्ठीवर शाईने लिहिलंय: ४/८/१९०८. इंग्रजी पद्धतीने ही ४ ऑगस्ट, अमेरिकी पद्धतीने ८ एप्रिल. नोंद संगणकावर चढवताना ‘४ ऑगस्ट’ करून टाकायचा मोह होतो, कारण तेरडा पावसाळ्यातच फुलतो. पण तसं करू नये. पुढे कुणी तेरड्याचा बहर शंभर वर्षांत किती सरकला हे शोधू लागला, तर आपलाच अंदाज त्याला पुरावा म्हणून मिळेल.

म्हणून जैवविविधतेच्या नोंदींसाठीच्या ‘डार्विन कोअर’ मानकात `verbatimEventDate` हा वेगळा रकाना आहे. तिथे चिठ्ठीवरचे आकडे, तिरप्या रेघांसह, जसेच्या तसे उतरवायचे. अर्थ लावलेली तारीख `eventDate` मध्ये. खात्री नसेल तर तिथे नुसतं १९०८.

उलगडा बहुधा त्याच संग्राहकाच्या इतर चिठ्ठ्यांत सापडतो. एखादीवर २३/८/१९०८ असेल, तर तेविसावा महिना नसतो, म्हणजे संग्राहक दिवस आधी लिहितो. मग `eventDate` सुधारा, कारण शेऱ्यात लिहा. मूळ रकान्याला मात्र हात लावू नका.