ईसीजीचा गुलाबी कागद : पी, क्यूआरएस आणि टी म्हणजे हृदयात नेमकं काय घडतं?

दवाखान्यातून आलेला ईसीजीचा कागद आपल्याकडे बहुतेक घरांत फाइलमध्ये घडी घालून पडलेला असतो. डॉक्टर "नॉर्मल आहे" किंवा "थोडा ब्लॉक दिसतोय" म्हणतात आणि आपण मान डोलावतो. त्या कागदावरच्या चढउतारांचा हृदयाच्या एका ठोक्याशी काय संबंध आहे, ते इथे सोप्या भाषेत पाहू. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. शाळेच्या पुस्तकातले हे शब्द जड वाटले तर "वरचे" आणि "खालचे" एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल. वरच्या कप्प्यांत रक्त येऊन जमतं, खालचे कप्पे ते फुप्फुसांकडे आणि शरीराकडे ढकलतात. ही ढकलाढकल ठराविक क्रमाने व्हावी म्हणून हृदयात विजेची स्वतःची वाट आहे.

वाट सुरू होते उजव्या वरच्या कप्प्याच्या माथ्यावर, एसए नोड नावाच्या पेशींच्या लहानशा पुंजक्यात. आराम करत असताना तो साधारण मिनिटाला ६० ते १०० वेळा स्वतःहून इशारा देतो, मेंदूच्या हुकमाची वाट पाहत नाही. मेंदू फक्त त्याचा वेग कमीजास्त करतो. हा इशारा वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो आणि कागदावर पहिली लहान, गोलसर टेकडी उमटते. ती पी लाट. तिच्या पाठोपाठ वरचे कप्पे आकुंचन पावतात. खालच्या कप्प्यांत बहुतेक रक्त तोपर्यंत आपोआप उतरलेलं असतं. या शेवटच्या दाबाने उरलेला साधारण पाचवा हिस्सा आत जातो.

यापुढचा टप्पा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कागदावर रिकामा दिसतो. पी लाटेनंतर रेघ थोडा वेळ सपाट धावते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये तंतूंचा एक पडदा आहे, त्यातून वीज जात नाही. एकच पूल आहे, एव्ही नोड. जपानी संशोधक सुनाओ तवारा यांनी १९०६ साली त्याचं वर्णन केलं. या पुलावर इशारा मुद्दाम रेंगाळतो, साधारण एक दशांश सेकंद. हा उशीर नसता तर वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच वेळी आवळले गेले असते, आणि खालचे कप्पे नीट भरण्याआधीच रक्त बाहेर फेकू लागले असते.

उशीर मोजता येतो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच बारीक चौकोनांचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. पी लाट सुरू झाल्यापासून पुढची उंच टोकदार लाट सुरू होईपर्यंत तीन ते पाच बारीक चौकोन असायला हवेत.

ती टोकदार लाट म्हणजे क्यूआरएस. पूल ओलांडल्यावर इशारा एका जाड दोरीतून, म्हणजे हिस बंडलमधून उतरतो. पुढे उजव्या-डाव्या दोन फांद्या आणि त्यांच्या शेवटी पुर्किंजे तंतूंचं जाळं. ही वाट वेगवान आहे, म्हणून लाट अरुंद असते, तीन बारीक चौकोनांपेक्षा कमी. खालचे कप्पे आवळू लागतात, वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटतात आणि स्टेथोस्कोपमध्ये "लब" ऐकू येतं. क्षणभर चारही झडपा बंद असतात. मग दाब वाढून बाहेरच्या झडपा उघडतात आणि डाव्या खालच्या कप्प्यातलं सुमारे १२० मिलिलिटरपैकी ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मनगटावर लागते ती नाडी याचीच.

रक्त बाहेर पडत असताना रेघ पुन्हा सपाट असते. मग टी लाट येते, रुंद आणि गोलसर. खालचे कप्पे विजेच्या दृष्टीने पूर्वस्थितीला येत आहेत, असा तिचा अर्थ. ती संपता संपता बाहेरच्या झडपा मिटतात, "डब" ऐकू येतं, कप्पे सैलावतात आणि भरणं पुन्हा सुरू होतं. वरच्या कप्प्यांचंही असं परतणं असतंच, पण ते क्यूआरएसच्या गर्दीत झाकलं जातं.

कागदावर वीज दिसते, रक्त नाही, हे विसरू नये. स्नायू किती जोराने आवळला ते पाहायला इको करावा लागतो. शिवाय पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हार्ट अटॅक नाही, असं ठरत नाही. छातीत दुखत राहिलं तर तो पुन्हा काढतात.

आता तोच पूल बंद पडला तर काय होतं? समजा, सत्तरीतल्या अब्बांना उठताना चक्कर येते, एकदा डोळ्यांपुढे अंधारीही आली. घरात कुणी म्हणतं अशक्तपणा, कुणी म्हणतं शुगर. नाडी मोजली तर मिनिटाला ३३. कागदावर पी लाटा अगदी नियमित आहेत, दर २० बारीक चौकोनांनी एक. मिनिटात १५०० बारीक चौकोन जातात, म्हणजे पी लाटा मिनिटाला ७५. क्यूआरएससुद्धा नियमित आहेत, पण दर ४६ चौकोनांनी, म्हणजे मिनिटाला ३३. आता प्रत्येक क्यूआरएसच्या आधीच्या पी लाटेपासूनचं अंतर मोजू. पहिल्याला ६ चौकोन, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १८, चौथ्याला ४. मेळच नाही. वरचा मजला आपल्या तालात, खालचा आपल्या. याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात.

इथे क्यूआरएस चार चौकोन रुंदही आहे. वरून इशारा येत नाही म्हणून खालच्या कप्प्यांतलीच एखादी जागा स्वतःहून इशारा देऊ लागते, पण ती वेगवान वाटेने न जाता स्नायूतून हळूहळू पसरते. असा राखीव ताल मिनिटाला २० ते ४० असतो आणि त्याचा भरवसा नसतो. तो मध्येच थांबला तर माणूस कोसळतो. कधी वरचे कप्पे मधली झडप बंद असतानाच आवळतात. मग रक्त उलटं मानेकडे ढकललं जातं आणि मानेच्या शिरेत अधूनमधून मोठा उसळा दिसतो.

अशा माणसाला घरी झोपवून ठेवू नये, लगेच हृदयरोगाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं. सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्यावीत, कारण बीपीच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या, जसं मेटोप्रोलॉल, डिगॉक्सिन, याच पुलावरची वाट आणखी मंद करतात. कधी गोळी बंद केल्यावर पूल पुन्हा चालू होतो.

गोळीमुळे नसेल तर बहुधा पेसमेकर बसवतात. दोन तारांच्या पेसमेकरची एक तार वरच्या कप्प्यातली पी लाट ओळखते. यंत्र साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद थांबतं आणि मग दुसऱ्या तारेने खालच्या कप्प्याला इशारा देतं. त्यानंतरच्या ईसीजीत प्रत्येक रुंद क्यूआरएसच्या आधी एक बारीक उभी रेघ दिसू शकते. ती यंत्राची खूण आहे, कागदावरचा दोष नाही.