कढी फुटत नाही, मग रस्सा का फुटतो?

दिवाळीच्या दिवसांत पानावर पाहुणे असतात, आणि नेमका त्याच दिवशी दह्यातला बटाट्याचा रस्सा दगा देतो. चव बरी असते. पण वर पांढरे कण तरंगतात आणि कडेला पिवळसर पाणी सुटते. दह्याचे चोथापाणी झालेले असते. गंमत अशी, की त्याच स्वयंपाकघरात कढी मात्र आठवड्यातून दोनदा होते आणि सहसा फुटत नाही. ती का फुटत नाही, हे नीट पाहिले की रस्सा कसा सांभाळावा हे आपोआप कळते.

दही म्हणजे दुधातील प्रथिने आंबटपणामुळे एकमेकांना धरून राहिलेली, आणि त्यांच्या जाळीत अडकलेले पाणी. ही जाळी नाजूक असते. एकदम उष्णता लागली की ती आक्रसते, प्रथिनांचे घट्ट कण होतात आणि पाणी बाहेर पिळून निघते. दही जितके आंबट, तितके ते लवकर फुटते. साय न काढलेल्या दुधाचे ताजे दही अधिक टिकाव धरते.

आता कढी आठवा. ताक थंड असतानाच आपण त्याला बेसन लावतो. मग ते मंद आचेवर हळूहळू तापते, आपण ढवळत राहतो आणि खळखळून उकळू देत नाही. बेसनातील पिष्टमय कण उष्णतेने फुगतात, पातळ ताकाला दाटपणा आणतात आणि प्रथिनांच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. रश्श्यात यातले काहीच होत नाही. तिथे रस्सा आधीच उकळत असतो आणि आपण गार दही त्यात एकदम ओततो.

म्हणून कढीची रीत रश्श्याला लावायची. चार माणसांसाठी अर्धा किलो बटाटे उकडून सोलून घ्यावे. कांदा, आले-लसूण आणि मसाला तेलात नीट परतून, बटाटे घालून, दीड वाटी गरम पाण्यात रस्सा शिजवावा. टोमॅटो घालायचाच असेल तर थोडा घालावा आणि दही घालण्यापूर्वीच पुरता शिजवावा, कारण त्याच्या आंबटपणाची दह्याच्या आंबटपणात भर पडते.

रस्सा शिजेपर्यंत एक वाटी ताजे दही फ्रिजबाहेर काढून ठेवावे. त्यात दोन चहाचे चमचे बेसन आणि पाव वाटी पाणी घालून, एकही गुठळी राहणार नाही असे घुसळावे. उपासाचा रस्सा असेल तर बेसनाऐवजी शिंगाड्याचे पीठ चालते. पीठ गरम रश्श्यात परभारे टाकू नये. त्याच्या गाठी होतात आणि दह्याला त्याचा उपयोग होत नाही.

आता पातेले खाली उतरवून चार-पाच मिनिटे थांबावे. उकळी पुरती बसली, की एक पळी रस्सा दह्यात घालून ढवळावे. मग दुसरी, मग तिसरी. भांडे बाहेरून हाताला चांगले कोमट लागले, म्हणजे दही तयार झाले. ते बारीक धारेने पातेल्यात ओतावे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. एकाच दिशेने ढवळण्याचा आग्रह नको. हात थांबू नये एवढेच महत्त्वाचे.

पातेले पुन्हा मंद आचेवर ठेवून, कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत ढवळावे. नंतर सात-आठ मिनिटे तसेच शिजू द्यावे, म्हणजे बेसनाचा कच्चा वास जातो. पीठ लावलेले दही एवढी मंद उकळी सोसते. खळखळती उकळी मात्र तेही फार वेळ सोसत नाही. पीठ मुळीच घालायचे नसेल, तर दही घातल्यावर उकळी येऊच देऊ नये. गरम होताच उतरवावे.

पुष्कळदा तेलाची तर्री पाहून रस्सा फुटला असे वाटते. पळीची पाठ पाहावी. तिच्यावर गुळगुळीत थर असेल आणि वर लालसर तेल तरंगत असेल, तर काही बिघडलेले नाही. रव्यासारखे पांढरे कण चिकटले आणि त्यांतून पाणी ओघळले, तर मात्र दही फुटले.

फुटलेले दही पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. बटाटे बाजूला काढून, रस्सा थोडा निववून मिक्सरमधून फिरवावा आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून त्यात शिजवावे. रस्सा दिसायला एकजीव होतो, पण जिभेला किंचित रवाळपणा लागतोच. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी तापवतानाही हीच सावधगिरी हवी: आच मंद, आणि पळी हातात.